पडवीतला बाक पावसात टिकवताना

कोकणातल्या घराच्या पडवीत सागवानी बाक असला, की आल्यागेल्याला टेकायला हक्काची जागा होते. पण पावसाळ्यात हा बाक बहुधा पायांपासून कुजतो. पायाच्या कापलेल्या टोकाशी लाकडाच्या बारीक नळ्या उघड्या असतात आणि त्या ओल्या फरशीवरचं पाणी वर ओढून घेतात. पाय काळा पडला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज आत रुतलं, तर कुज लागली समजा. म्हणून मे महिन्यात बाक उलटा करून, वाळलेल्या टोकांना इपॉक्सीचे दोन हात द्या आणि त्यांवर रबराच्या सपाट चकत्या चिकटवा. बैठकीच्या पट्ट्यांमध्ये ६ मिलिमीटर फट ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर असली, तर वयस्कर पाहुण्यांनाही उठताना त्रास होत नाही.