बीज भांडवल मागताना: तीन मिनिटांत काय सांगायचं?

कांदाचाळीत कांदा सडू लागला की वास येतो, पण शेतकऱ्याच्या नाकापर्यंत तो पोहोचेपर्यंत आतला बराच माल हातचा गेलेला असतो. हा वायू आधीच टिपून मोबाइलवर इशारा देणारं उपकरण दोन तरुण अभियंत्यांनी बनवलं आहे, असं समजू. एक नमुना तयार आहे, निफाडच्या एका चाळीत तो चाललाही आहे. पुढच्या कामाला पैसा हवा. बँक तारण मागते आणि मोठे गुंतवणूकदार विक्रीचे आकडे. अशा टप्प्यावरच्या उद्योगांसाठी असतात ती इन्क्युबेटर, म्हणजे नवउद्योगांना जागा, प्रयोगशाळा, मार्गदर्शक आणि काही वेळा बीज भांडवल मिळवून देणारी केंद्रं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि आयआयटी मुंबईचं ‘साइन’ ही त्यांतली ठळक नावं.

केंद्र सरकारने २०२१ साली स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना आणली. तिचा पैसा थेट सरकारकडून नव्हे, तर निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत मिळतो. कल्पना सिद्ध करणं, नमुना बनवणं आणि चाचण्या घेणं यांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, तर बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंतची रक्कम कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपात, अशी तिची रचना. एका अर्जात पसंतीक्रमाने तीन इन्क्युबेटर निवडता येतात.

नियमांतली एक अट अनेकांना नडते. अर्जाच्या वेळी कंपनीची नोंदणी होऊन दोन वर्षांहून जास्त काळ झालेला चालत नाही. नमुना हातात नसताना हौसेने कंपनी नोंदवणाऱ्यांची मुदत तिथूनच सरू लागते. दुसरी अट अशी की इतर सरकारी योजनांमधून १० लाखांपेक्षा जास्त आर्थिक मदत मिळालेली नसावी. स्पर्धांमधली बक्षिसं मात्र त्यात मोजत नाहीत, त्यामुळे स्पर्धेत उतरल्याने पुढची वाट बंद होत नाही. महाराष्ट्र स्टार्टअप वीकमध्ये तर विजेत्या २४ उद्योगांना शासकीय विभागांत काम करून दाखवण्यासाठी कार्यादेश मिळतात. तिथे ते उपकरण कोणत्या विभागाच्या कामाचं आहे, हे आधी सांगावं लागतं.

आता सादरीकरण. ‘देशात कांद्याची बाजारपेठ इतक्या हजार कोटींची आहे’ अशी सुरुवात बहुतेक जण करतात आणि पहिलं मिनिट वाया घालवतात. परीक्षकांना जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच: आज कोणती गोष्ट सिद्ध झालेली नाही आणि या पैशातून ती कशी सिद्ध होणार?

आपल्या अभियंत्यांच्या बाबतीत उपकरण वायू टिपतं, हे दिसलं आहे. इशारा आल्यावर शेतकरी चाळ उपसून खराब कांदा वेगळा काढतो का, आणि त्याने खरोखर माल वाचतो का, हे अजून कळलेलं नाही. मजूर मिळाले नाहीत तर इशाऱ्याचा उपयोग काय? म्हणून मागणी अशी हवी: नऊ लाख रुपये, तीन टप्प्यांत. तीन लाखांत ओलावा आणि धूळ सोसणारं आवरण आणि प्रयोगशाळेतली तपासणी. चार लाखांत वीस उपकरणं, चाळी भरतानाच बसवलेली. उरलेल्या दोन लाखांत हंगामभराच्या नोंदी, जोडीला उपकरण नसलेल्या वीस चाळींचं वजन, तुलनेसाठी. अनुदान टप्पे गाठल्यावर हप्त्यांनी मिळतं, म्हणून मागणीही तशीच मांडावी.

मग शेतकऱ्याचा हिशेब. पंचवीस टनांच्या चाळीत दोन टन जरी वाचले, तरी किलोला पंधरा रुपये धरून तीस हजार होतात. उपकरणाची किंमत बारा हजार. भाव सात रुपयांवर आला तर हाच लाभ चौदा हजारांवर येतो, म्हणजे उपकरणाची किंमत जेमतेम निघते. हा आकडा परीक्षकांनी विचारण्याआधी आपणच सांगितलेला बरा, कारण ते हमखास विचारतात आणि तेव्हा चाचपडणाऱ्यावरचा विश्वास उडतो.

तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे शब्द मावतात. सादरीकरण आधी त्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला ऐकवावं आणि उपकरण काय करतं, कोण विकत घेणार आणि पैसा कशासाठी हवा, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावं. तो अडखळला तर तिथलं वाक्य बदलावं.

इन्क्युबेटर निवडतानाही इतकीच चौकशी हवी. तिथून बाहेर पडलेल्या दोन-तीन संस्थापकांना फोन करून मार्गदर्शक महिन्यातून किती वेळा भेटत, हे विचारावं. काही केंद्रं सेवांच्या बदल्यात कंपनीत हिस्सा घेतात. तो किती, हे लेखी मागावं. आणि तारखा पाहाव्यात. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला जातो. त्याआधी पैसा हाती आला नाही, तर वीस चाळींची चाचणी एक वर्ष पुढे जाते आणि कंपनीच्या दोन वर्षांतलं एक त्यातच जातं. म्हणून या दोघांनी अर्ज दिवाळीपूर्वीच द्यायला हवा.