क्षमता-बंधनांचे लाग्रांज शिथिलीकरण

क्षमता-बंधनांचे लाग्रांज शिथिलीकरण ही वाहतुकीच्या नियोजनातील एक गणिती पद्धत आहे. केंद्राची क्षमता ओलांडू नये हे बंधन तीत तात्पुरते काढून टाकले जाते आणि त्याऐवजी त्या केंद्रावर येणाऱ्या मालावर एक काल्पनिक आकार बसवला जातो. या आकारास लाग्रांज गुणक म्हणतात व तो λ या चिन्हाने दर्शवतात. या रीतीने किमान खर्चाची खालची मर्यादा मिळते, म्हणजे ज्याहून कमी खर्चात काम होणे शक्य नाही असा आकडा. पद्धतीचे नाव अठराव्या शतकातील गणितज्ञ जोसेफ लुई लाग्रांज यांच्यावरून पडले आहे. १९७०-७१ मध्ये हेल्ड आणि कार्प यांनी फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नासाठी ती यशस्वीपणे वापरली आणि १९७४ मध्ये जेफ्रियन यांनी तिला 'लाग्रांज शिथिलीकरण' हे नाव दिले.

उदाहरणाची मांडणी

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ आहे, तर मलकापूर मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. या दोन ठिकाणच्या जिनिंग केंद्रांकडे तीन गावांहून कापूस न्यायचा आहे असे समजू. पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत. खर्च दर गाडीमागे असून तो शंभर रुपयांच्या एककात दिला आहे.

| गाव | गाड्या | खामगावला | मलकापूरला | दर गाडीमागे फरक |
|---|---|---|---|---|
| शेगाव | ६ | १० | ३० | २० |
| चिखली | ५ | २५ | ३५ | १० |
| नांदुरा | ४ | १२ | १६ | ४ |

खामगावची क्षमता १० गाड्यांची आहे. मलकापूरला पुरेशी जागा आहे. एका गावचा सर्व माल एकाच केंद्राकडे गेला पाहिजे, तो विभागता येत नाही, अशी अट आहे. तिन्ही गावांना खामगाव स्वस्त पडते, परंतु एकूण गाड्या १५ आहेत. सर्व अडचण या एका बंधनात आहे.

शिथिलीकरण

खामगावला जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर λ इतका आकार बसवला आणि क्षमतेइतक्या १० गाड्यांचा आकार शेवटी वजा केला, तर शिथिल प्रश्न तयार होतो. आता गावे एकमेकांत गुंतलेली राहत नाहीत. फरक λ पेक्षा अधिक असेल तर गाव खामगाव निवडते, कमी असेल तर मलकापूर.

या प्रश्नाचे उत्तर L(λ) खालची मर्यादाच का असते, हे सहज दाखवता येते. क्षमतेचे पालन करणाऱ्या कोणत्याही योजनेत खामगावी १० किंवा त्याहून कमी गाड्या असतात. म्हणून तिच्यावर बसलेला आकार वजा केलेल्या रकमेहून अधिक होत नाही आणि तिचा शिथिल खर्च खऱ्या खर्चाहून वाढत नाही. शिथिल प्रश्नात तर याहूनही स्वस्त योजना निवडण्याची मुभा असते. मात्र λ ऋण असता कामा नये.

गुणकाची सुधारणा

L(λ) चा आलेख सरळ रेषाखंडांचा, कोपरे असलेला असतो. कोपऱ्यावर उतार एकच नसल्यामुळे नेहमीचे अवकलन चालत नाही. तेथे सबग्रेडियंट वापरतात. येथे त्याचा अर्थ अगदी साधा आहे: खामगावी आलेल्या गाड्या वजा क्षमता. ही संख्या g धन असेल तर आकार वाढवावा, ऋण असेल तर कमी करावा. किती, हे पोल्याक यांच्या नियमावरून ठरवतात:

```
λ_new = max(0, λ + θ·g·(U − L)/g²)
```

येथे U हा आतापर्यंत हाती आलेल्या सर्वांत स्वस्त व्यवहार्य योजनेचा खर्च, म्हणजे वरची मर्यादा आहे. θ हा पावलाची लांबी आवरणारा अंक असून आरंभी तो १ घेऊ.

पहिल्या फेरीत λ = ० आहे. सर्व १५ गाड्या खामगावी जातात; g = ५ आणि L = २३३. ही योजना व्यवहार्य नाही. सर्वांत कमी फरकाची गावे क्रमाने मलकापूरला वळवली, तर नांदुरा आणि मग चिखली बाहेर पडतात व U = २९९ मिळतो. नियमाने λ = १३.२ होतो.

दुसऱ्या फेरीत फक्त शेगाव खामगावी राहते; g = −४ आणि L = २४६.२. उरलेल्या चार जागांत नांदुऱ्याच्या चार गाड्या बरोबर बसतात, त्यामुळे U = २८३ होतो. नवा λ = ४.

तिसऱ्या फेरीत नांदुऱ्याला दोन्ही केंद्रे सारखीच पडतात. ते मलकापूरला धरल्यास खामगावी ११ गाड्या येतात; g = १ आणि L = २५३.

चौथ्या फेरीत मात्र नियम ३० चे पाऊल सांगतो. λ = ३४ होताच सर्व गावे मलकापूरला वळतात आणि L एकदम ७९ वर घसरतो. कारण असे, की नियम L ला U पर्यंत नेण्याचा प्रयत्न करतो, आणि येथे L तितका वाढूच शकत नाही. मर्यादा वर-खाली हेलकावे घेऊ लागली, की पाऊल फार मोठे आहे असे ओळखावे. अशा वेळी सर्वोत्तम L जपून ठेवतात, त्याच्या λ कडे परततात आणि θ कमी करतात. θ = ०.१ घेऊन λ = ४ पासून पुढे गेल्यास λ = ७ ला L = २५६ आणि λ = ९.७ ला L = २५८.७ मिळतो.

मर्यादांमधील अंतर

आता U आणि L यांतील अंतर २४.३, म्हणजे U च्या सुमारे ८.६ टक्के आहे. या अंतराचे घटक वेगळे करून पाहणे आवश्यक असते. L चे महत्तम मूल्य λ = १० येथे २५९ आहे; म्हणजे गुणक अपुरा सुधारल्यामुळे राहिलेले अंतर केवळ ०.३ आहे. तीन गावांच्या आठही वाटण्या तपासल्यास २८३ हीच सर्वांत स्वस्त व्यवहार्य योजना ठरते, म्हणून वरच्या मर्यादेत दोष नाही. उरलेले २४ हे द्वैत अंतर होय. कितीही फेऱ्या केल्या तरी ते मिटत नाही.

हे अंतर माल अविभाज्य असल्यामुळे पडते. चिखलीच्या चार गाड्या खामगावला आणि एक मलकापूरला पाठवण्याची मुभा असती, तर खर्च नेमका २५९ आला असता आणि अंतर शून्य झाले असते.

गुणकाचा अर्थ लावतानाही हीच सावधगिरी लागते. λ = १० याचा अर्थ खामगावी आणखी एका गाडीची जागा केल्यास एक हजार रुपये वाचतील, असा घेतला जातो. विभाज्य मालासाठी तो बरोबर आहे. येथे मात्र अकरावी जागा मिळताच शेगाव आणि चिखली दोन्ही खामगावी बसतात, खर्च २८३ वरून २४९ वर येतो आणि प्रत्यक्षात ३,४०० रुपये वाचतात. केवळ गुणक पाहून जागा वाढवण्याचा निर्णय घेतल्यास तिचे मोल एक-तृतीयांशाहूनही कमी धरले जाईल.

अंतर कमी करण्याचा मार्ग

क्षमता शिथिल केल्यावर उरणारा प्रश्न इतका सोपा असतो, की माल विभागण्याची मुभा दिली तरी त्याचे उत्तर बदलत नाही. अशा वेळी लाग्रांज मर्यादा रेषीय नियोजनाच्या मर्यादेहून सरस ठरत नाही, हे जेफ्रियन यांनी दाखवले. अधिक घट्ट मर्यादा हवी असल्यास क्षमता कायम ठेवून 'प्रत्येक गाव एकाच केंद्राला' हे बंधन शिथिल करतात. मग प्रत्येक केंद्रासाठी पोते भरण्याचा प्रश्न सोडवावा लागतो. प्रत्येक फेरीचे श्रम वाढतात, पण वरील उदाहरणात मर्यादा थेट २८३ पर्यंत पोहोचू शकते.