एक जनरेटर बंद पडला तर?

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई आणि आसपासच्या शहरांची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस होते आणि रुग्णालयांत पेशंट होते. एरवी ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, ते रुग्णालयांच्या मागच्या अंगणातले डिझेल जनरेटर त्या दिवशी कामाला लागले.

मोठ्या रुग्णालयात असे दोन जनरेटर शेजारी शेजारी बसवतात. ‘एक बंद पडला तर दुसरा आहेच की’, असं तिथे सगळेच सांगतात. मी गेली अनेक वर्षं अशा ठिकाणी पॅनेलच्या चाचण्या घेतो, आणि माझ्या अनुभवात हे वाक्य अर्धंच खरं आहे. एक बंद पडला की त्याचा सगळा भार त्याच क्षणी दुसऱ्याच्या अंगावर येतो. तो त्याला पेलला नाही, तर दुसराही बंद पडतो.

जिल्ह्याच्या ठिकाणचं एक रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. नाव सांगत नाही. तिथे २५० केव्हीएचे दोन सेट आहेत. प्रत्येक सेट साधारण २०० किलोवॉट भार घेऊ शकतो, म्हणजे दोन्ही मिळून ४००. रुग्णालयाचा भर उन्हाळ्यातला पूर्ण भार कागदावर ३६० किलोवॉट होता. हिशेब चोख वाटतो.

वीज जाते तेव्हा काय होतं, ते आधी पाहू. मुख्य पॅनेलमध्ये दोन मोठे ब्रेकर असतात, एक वीज कंपनीच्या लाइनचा आणि दुसरा जनरेटरचा. यांची अदलाबदल आपोआप करणाऱ्या व्यवस्थेला ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच, थोडक्यात एटीएस म्हणतात. दोन्ही ब्रेकर एका वेळी कधीच लागू नयेत, म्हणून त्यांच्यात विजेचं इंटरलॉक असतं आणि शिवाय लोखंडी दांड्याचंही असतं. कारण साधं आहे. जनरेटरची वीज उलटी बाहेरच्या लाइनवर गेली, तर लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाइनमन जिवाला मुकेल.

वीज गेल्यावर एटीएस दोन-तीन सेकंद थांबतो. दिवा नुसता लुकलुकला म्हणून इंजिन सुरू करायचं नसतं. मग दोन्ही सेटना एकदमच हुकूम जातो. आठ-दहा सेकंदांत इंजिन १५०० फेऱ्यांवर येतं, ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ मिळतात. तेवढा वेळ ऑपरेशन थिएटरचे दिवे यूपीएसवर आणि व्हेंटिलेटर स्वतःच्या बॅटरीवर चालतात.

जो सेट आधी तयार होतो, तो दोघांच्या सामाईक बसबारला, म्हणजे तांब्याच्या जाड पट्ट्यांना, जोडला जातो. तेव्हा बसबार मेलेली असते, त्यामुळे त्याला कोणाशी जुळवून घ्यावं लागत नाही. त्या क्षणी दुसऱ्या सेटला मात्र कंट्रोलर अडवून ठेवतो, कारण दोघे एकदम मेलेल्या बसबारवर आले तर एकमेकांवर आदळतील.

दुसऱ्याचं काम अवघड असतं. धावत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आठवा. त्याला गाडीच्याच वेगाने धावावं लागतं आणि शिवाय दार नेमकं समोर यावं लागतं. वेगाची बरोबरी म्हणजे फ्रिक्वेन्सी जुळणं आणि दार समोर येणं म्हणजे फेज अँगल जुळणं. त्याबरोबर व्होल्टेज सारखं हवं आणि तिन्ही फेजचा क्रमही तोच हवा. दोघांच्या फ्रिक्वेन्सीत ०.१ हर्ट्झचा फरक असेल, तर ‘दार’ दर दहा सेकंदांनी एकदा समोर येतं. कंट्रोलर इंजिनाचा वेग हळूच कमी-जास्त करत त्या क्षणाची वाट पाहतो आणि ब्रेकर लावतो. यालाच सिंक्रोनायझिंग म्हणतात. पूर्वी हे काम ऑपरेटर तीन दिव्यांकडे पाहून हाताने करत. तिन्ही दिवे विझले की ब्रेकर लावायचा. चुकीच्या क्षणी लावला, तर इंजिन आणि अल्टरनेटर यांच्यामधलं कपलिंगसुद्धा तुटू शकतं.

एकदा जोडले गेले की दोन्ही सेट एका जुवाच्या बैलांसारखे ओढतात. कोणी किती किलोवॉट ओढायचे ते इंजिनाला मिळणाऱ्या डिझेलवर ठरतं, आणि ही वाटणी गव्हर्नर सांभाळतो. एकाने ओढणं सोडलं तर दुसरा त्यालाच मोटरसारखा फिरवू लागतो. असं झालं की रिव्हर्स पॉवरचा रिले त्याला काही सेकंदांत बाजूला करतो.

आता मुख्य मुद्दा. लोडशेडिंग हा शब्द महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. इथलं लोडशेडिंग इमारतीच्या आत होतं आणि ते जीव वाचवण्यासाठी केलं जातं. त्या रुग्णालयात चार प्राधान्यं ठरवली होती. पहिल्यात आयसीयू, ऑपरेशन थिएटर, नवजात बालकांचा विभाग, ऑक्सिजन आणि व्हॅक्यूमचे पंप, ब्लड बँक, असे ९० किलोवॉट. दुसऱ्यात वॉर्डांचे दिवे-पंखे, लिफ्ट, प्रयोगशाळा आणि पाण्याचे पंप, असे ८०. तिसऱ्यात ओपीडी, एक्स-रे आणि कार्यालयं, ७०. चौथ्यात एअर कंडिशनिंगचा चिलर आणि लाँड्री, १२०.

पहिली दोन मिळून १७० होतात, म्हणजे एकट्या सेटला पेलतील इतके. म्हणून पहिला सेट आला की एक, मग दोन. दुसरा सेट जोडला गेला की तीन आणि शेवटी चार. भार असा पायरीपायरीने चढवला की इंजिन गुदमरत नाही.

बंद पडताना मात्र पायऱ्यांना वेळ नसतो. ३६० किलोवॉट चालू असताना एक सेट गेला, तर उरलेल्यावर क्षमतेच्या १८० टक्के भार पडतो. त्याचा वेग सेकंदभरात खाली येऊ लागतो. आधी फक्त चौथं प्राधान्य तोडलं तरी २४० उरतात, म्हणजे १२० टक्के. म्हणून तिसरं आणि चौथं एकदमच, अर्ध्या सेकंदाच्या आत, तुटायला हवं.

हे तिथे होत नव्हतं. वीज असताना, डॉक्टरांना कळवून, यूपीएस तपासून, एका रविवारी सकाळी आम्ही चाचणी घेतली. लाइनचा ब्रेकर उघडला. दोन्ही सेट आले, जुळले, चारही प्राधान्यं चढली. मग मी दोन नंबरच्या सेटचं लाल बटण दाबलं. एक नंबरचा आवाज एकदम जड झाला, धुराड्यातून काळा धूर आला, पॅनेल रूमचे दिवे मंदावले आणि सगळं विझलं. लाइनवर परत जायला आम्हाला अर्धं मिनिट लागलं. त्या अर्ध्या मिनिटातली शांतता मला अजून आठवते.

दोष सेटिंगमध्ये होता. भार ९० टक्क्यांवर गेला की पाच सेकंद थांबून चौथं तोडा, आणखी पाच सेकंदांनी तिसरं तोडा, असं कंट्रोलरला सांगून ठेवलं होतं. हळूहळू वाढणाऱ्या भारासाठी ही पद्धत ठीक आहे. सेट अचानक गेला तर निरुपयोगी. आम्ही दोन्ही जनरेटर ब्रेकरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टमधून तार ओढली. दोन्ही सेट चालू असताना कुठलाही ब्रेकर पडला की तिसऱ्या आणि चौथ्या प्राधान्याचे फीडर त्याच क्षणी पडतील, मोजमापाची वाट न पाहता. फ्रिक्वेन्सी ४८ हर्ट्झच्या खाली गेली तरी ते पडतील, अशी दुसरी तटबंदीही ठेवली.

पुन्हा चाचणी घेतली. या वेळी दोन्ही फीडर टकाटक पडले, दिवे क्षणभर मंदावून सावरले. पण मीटरवर १७० ऐवजी २०५ किलोवॉट दिसत होते आणि ओव्हरलोडचा अलार्म वाजत होता. हे ३५ आले कुठून?

टाँग टेस्टर घेऊन आम्ही एकेका पॅनेलची केबल मोजत फिरलो. आयसीयूच्या पॅनेलवर मूळ नकाशात नसलेल्या दोन केबल निघाल्या. एक नव्या डायलिसिस विभागाची, २० किलोवॉटची. दुसरी डॉक्टरांच्या खोल्यांच्या एसीची, १५ ची. जोडणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. ‘या पॅनेलची वीज कधी जात नाही’ म्हणून जो तो तिथेच जोडत गेला. थंडीचे दिवस असल्याने चिलर अर्ध्यावर चालत होता, त्यामुळे एकूण बेरजेत ही वाढ कोणाच्या डोळ्यांवर आली नव्हती.

मग बैठक बसली आणि ती विजेपेक्षा वैद्यकाचीच झाली. डायलिसिसचा आरओ प्लांट तिसऱ्या प्राधान्यात टाकावा, असं आमच्या वायरमनने सुचवलं. तिथल्या टेक्निशियन ताई लगेच म्हणाल्या, “दादा, आरओचं पाणी थांबलं की मशीन चालू असून उपयोग काय?” ते बरोबर होतं. डायलिसिस आरओसकट दुसऱ्या प्राधान्यात गेलं. एसी तिसऱ्यात गेले. दोन्ही लिफ्ट तोडू नका, थिएटर तिसऱ्या मजल्यावर आहे, असं सर्जन म्हणाले. म्हणून एक लिफ्ट राहिली. दुसरी लिफ्ट आणि पाण्याचे पंप, मिळून २५ किलोवॉट, तिसऱ्यात गेले. टाकीत तास-दोन तास पुरेल एवढं पाणी असतंच. नवी बेरीज झाली १६५. तिसरी चाचणी पार पडली.

रात्रीची गोष्ट याच्या उलट असते. भार शंभरच्या आसपास उतरला की दोन सेट चालवण्यात अर्थ नसतो. क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी भारावर डिझेल इंजिन बराच वेळ चाललं तर डिझेल पूर्ण जळत नाही, एक्झॉस्टमध्ये काळा ओलसर थर साचतो. म्हणून कंट्रोलर एक सेट थांबवतो आणि भार वाढला की पुन्हा बोलावतो. वीज परत आल्यावरही एटीएस लगेच परतत नाही. लाइन पाच-दहा मिनिटं स्थिर राहिली तरच तो भार लाइनवर देतो, आणि मग इंजिन थंड होण्यासाठी काही मिनिटं विनाभार चालवून बंद करतो.

दर आठवड्याला जनरेटर सुरू करून पाहण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी असते. त्यातून बॅटरी उतरलेली असेल तर कळतं, आणि बॅटरी हे जनरेटर सुरू न होण्याचं नेहमीचं कारण आहे. पण विनाभार चालवलेल्या इंजिनाकडून वरच्यापैकी एकही दोष कळला नसता. तुम्ही एखाद्या रुग्णालयाच्या व्यवस्थापनात असाल, किंवा तुमच्या सोसायटीत लिफ्ट आणि पंपांसाठी दोन सेट असतील, तर देखभाल करणाऱ्याला एवढंच विचारा: पूर्ण भार चालू असताना एक सेट मुद्दाम बंद करून शेवटचं कधी पाहिलं होतं? तारीख सांगता आली नाही, तर याच महिन्यात, डॉक्टरांना किंवा रहिवाशांना आधी कळवून, ती चाचणी घ्या.