रात्री किंवा सर्दीत दही खावे का?

"डॉक्टर, काल रात्री दही खाल्लं आणि आज सर्दी झाली." हे वाक्य दवाखान्यात पावसाळ्यात आणि थंडीत वारंवार ऐकू येते. त्यामुळे सर्दी झाली की अनेक घरांत सर्वात आधी दही बंद होते. हे कितपत योग्य आहे ते पाहू.

परंपरा काय सांगते?

रात्री दही खाऊ नये, हा सल्ला चरकसंहितेत आहे. आयुर्वेदानुसार दही पचायला जड आणि कफ वाढवणारे आहे. पण आयुर्वेदातील 'कफ' हा तीन दोषांपैकी एक आहे. आपण बोलताना खोकल्यातून पडणाऱ्या बेडक्यालाही कफच म्हणतो. शब्द एकच असल्यामुळे 'दह्याने छातीत कफ साठतो' असा सरळ अर्थ लावला जातो.

दह्याने सर्दी होते का?

नाही. सर्दी विषाणूंमुळे होते आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरस सर्वात जास्त आढळतो. हा विषाणू शरीरात शिरल्यानंतर लक्षणे दिसायला साधारण 1 ते 3 दिवस लागतात. म्हणजे रात्री दही खाऊन सकाळी नाक वाहू लागले, तर विषाणू बहुधा त्या जेवणाआधीच शरीरात शिरलेला असतो. दोष मात्र शेवटी खाल्लेल्या पदार्थावर येतो.

कफ वाढतो का?

ऑस्ट्रेलियात केलेल्या आणि 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूचा संसर्ग दिला. नंतर रोज त्यांच्या नाकातील स्रावाचे वजन केले आणि ते किती दूध पितात याची नोंद ठेवली. जास्त दूध पिणाऱ्यांमध्ये स्राव वाढलेला आढळला नाही. हा अभ्यास लहान होता आणि मुख्यतः दुधाचा होता, त्यामुळे दह्याबद्दल त्यावरून अंदाजच बांधता येतो. दूध लाळेत मिसळले की थोडा वेळ घशात चिकट थर जाणवतो. तो थर म्हणजे नव्याने तयार झालेला कफ नव्हे.

मग रात्री खाल्ल्यावर त्रास का होतो?

काहींना खरोखर खोकला येतो, पण त्याचे कारण बहुधा वेळेत असते. साडेदहाला पोटभर जेवून अकराला आडवे झाले, तर पोटातील आम्ल वर घशाकडे येते आणि खोकल्याची उबळ येते. अशा व्यक्तींनी जेवण आणि झोप यांत 2 ते 3 तासांचे अंतर ठेवून पाहावे. फ्रीजमधले थंडगार किंवा फार आंबट दही दुखऱ्या घशाला झोंबू शकते.

एक उदाहरण

चार वर्षांच्या मुलीला दोन दिवसांपासून सर्दी आहे आणि ताप 100 अंश फॅरेनहाइट आहे. पोळी-भाजी ती ढकलून देते, फक्त दहीभात मागते. आजी म्हणतात, "दही अजिबात नको." परिणामी मूल उपाशी झोपते. इथे दहीभात द्यावा. घरी लावलेले ताजे दही अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढावे, मऊ भातात कालवावे आणि सात-साडेसातला भरवावे. लहान वाटीभर दह्यातून 3 ते 4 ग्रॅम प्रथिने मिळतात, शिवाय पाणीही पोटात जाते. आजारी मुलाला याची गरज असते.

या मुलीच्या बाबतीत लक्ष ठेवायचे ते श्वासावर. ती शांत असताना पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजा. 1 ते 5 वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, काहीच न पिणे किंवा फार सुस्ती, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दही बंद केल्यावर बरे वाटेल म्हणून वाट पाहू नका. हा न्यूमोनिया असू शकतो.

दही कोणी टाळावे?

- दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी. दही खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा दम लागणे ही तिची लक्षणे आहेत.
- ज्यांना दही खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो त्यांनी. तो अनुभव मानावा.
- सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल, तर गोळी दह्यासोबत घेऊ नये. दह्यातील कॅल्शियममुळे औषध कमी शोषले जाऊ शकते. किती अंतर ठेवायचे ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

बाकीच्यांनी सर्दीत ताजे, फार थंड नसलेले दही खायला हरकत नाही. मात्र दह्याने सर्दी बरी होईल अशी अपेक्षाही ठेवू नये. साधी सर्दी दही खाल्ले किंवा न खाल्ले तरी साधारण 7 ते 10 दिवसांत आपोआप ओसरते.