तीस सेकंदांचा चढ

ड्रायव्हिंग स्कूलच्या जाहिरातीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘घाबरू नका’. दुसरं, ‘लायसन्सची शंभर टक्के हमी’. पहिल्या वाक्याने कोणाची भीती जात नाही आणि दुसरं नियमात बसत नाही. तरीही दोन्ही वर्षानुवर्षं चालत आली आहेत, कारण जाहिरात लिहिणाऱ्याला नवशिक्याच्या मनात नेमकं काय चाललंय हे विचारायला वेळ नसतो.

आधी हमीचं पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये ड्रायव्हिंग स्कूलने कसं वागायचं याच्या अटी दिल्या आहेत. नियमांप्रमाणे मिळेल त्यापेक्षा वेगळ्या मार्गाने आपण लायसन्स काढून देऊ शकतो, असा समज शिकायला येणाऱ्याचा करून द्यायचा नाही, ही त्यातली एक अट. परीक्षा घेणारा अधिकारी आरटीओचा, निकाल त्याचा. त्याची हमी स्कूल कशाच्या जोरावर देणार? ‘पंधरा दिवसांत पक्कं लायसन्स’ हेही तसंच. शिकाऊ लायसन्स हातात आल्यापासून किमान तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला बसताच येत नाही. त्यामुळे ती पाटी वाचली की एक तर मालकाला नियम माहीत नाही, किंवा गिऱ्हाइकाला माहीत नाही असं तो धरून चालला आहे, असं समजावं.

आता ‘घाबरू नका’. माणसाला ‘हे मला जमेल’ असं कशामुळे वाटतं, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली केली. त्यांनी चार वाटा सांगितल्या. सगळ्यात भक्कम वाट म्हणजे ते काम आपण स्वतः एकदा करून बघितलेलं असणं. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते करताना पाहणं. तोंडी धीर देणं ही त्या मानाने कच्ची वाट; ऐकताना बरं वाटतं, पण पहिल्याच फजितीत ते विरून जातं. चौथी वाट शरीराची: पाय थरथरला, छाती धडधडली की माणूस त्याचाच अर्थ ‘मला जमणार नाही’ असा लावतो.

जाहिरात कोणाच्या हातात स्टिअरिंग देऊ शकत नाही, म्हणजे पहिली वाट तिला बंद. पण दुसरी सताड उघडी आहे. ऐकणाऱ्यासारखीच घाबरलेली एक व्यक्ती, तिची एकच नेमकी अडचण, आणि त्या अडचणीतून ती कशी बाहेर आली, एवढं तीस सेकंदांत मावतं. लिहिणाऱ्याला ती नेमकी अडचण शोधता आली पाहिजे.

गिअरची गाडी शिकणाऱ्या कोणालाही विचारा, चढाचं नाव निघतंच. सपाट रस्त्यावर क्लच चुकला तर गाडी नुसती बंद पडते. चढावर ती बंद पडते आणि मागेही घसरते, आणि मागे कोणीतरी हॉर्न वाजवत असतं. परीक्षेच्या नियमातही हा प्रसंग स्पष्ट लिहिलेला आहे: चढावर थांबून, गाडी अजिबात मागे न जाऊ देता पुन्हा निघता आलं पाहिजे. पुण्याजवळ भोसरीला आयडीटीआर या संस्थेच्या ट्रॅकवर चारचाकीची परीक्षा द्यायला निघालेला उमेदवार आदल्या रात्री याच चढाची उजळणी मनात करत असतो.

आता गंमत अशी की ज्या गोष्टीची बहुतेकांना लाज वाटते, ती त्याच नियमाने उघड मान्य केलेली आहे. चढावर निघताना हँडब्रेकचा योग्य वापर करा, किंवा रेस आणि पायाचा ब्रेक यांचा, असं नियम म्हणतो. हँडब्रेक वापरणं म्हणजे कच्चेपणा, हा समज घरच्या अनुभवी मंडळींनी पसरवलेला असतो. नवशिक्याला या एका माहितीने जितका धीर येतो तितका दहा वेळा ‘घाबरू नका’ म्हणून येत नाही.

चढावर नेमकं काय चुकतं? घाबरलेल्या माणसाचा डावा पाय क्लचवरून झटक्यात सुटतो. मंद फिरणारं इंजिन एकदम थांबलेल्या चाकांना जोडलं जातं, त्याला तेवढा जोर नसतो, आणि गाडी आचका देऊन बंद पडते. उपाय पायाच्या वेगात आहे. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला, रेस किंचित दिलेली. मग टाच जमिनीला टेकवून क्लच इंच-इंच वर आणायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, उतरतो, आणि बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं. यालाच शिकवणारे हाफ क्लच म्हणतात. पाय तिथेच रोखायचा, रेस थोडी वाढवायची आणि हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे न जाता पुढे सरकते.

रेडिओची जाहिरात लिहिणाऱ्यासाठी यात मोठी सोय दडलेली आहे. हाफ क्लचची खूण डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येते. म्हणजे जाहिरात ऐकता ऐकता माणूस ती खूण शिकू शकतो. त्या आवाजाच्या आधाराने तयार केलेला हा तीस सेकंदांचा मसुदा. शिकणारी चाळिशीतली बाई आहे आणि शिकवणारा तिला ताई म्हणतो.

(इंजिन सुरू. आचका. गाडी बंद पडते. मागून हॉर्न.)

ताई: गेली बंद! सर, परीक्षेत चढावर असंच झालं तर?

सर: हँडब्रेक ओढा. करा सुरू. क्लच हळू सोडा... आवाज उतरला?

(इंजिनाचा आवाज जड होतो.)

ताई: हो, उतरला.

सर: पाय तिथेच. जरा रेस... आता हँडब्रेक सोडा.

(गाडी चढते.)

ताई: मागे नाही गेली! पण सर, ब्रेक तुम्ही दाबला होता ना?

सर: माझे पाय वर होते, ताई. तुम्हीच चढवली.

निवेदक: एकवीस दिवस. स्टिअरिंगवर स्वतःचे दहा तास. परीक्षेआधी चढ आणि रिव्हर्सचा वेगळा सराव.

(स्कूलचं नाव, पत्ता.)

या मसुद्यात वाक्यांपेक्षा आवाजांना जास्त जागा दिली आहे, ती मुद्दाम. पहिल्या दोन सेकंदांत गाडी बंद पडते आणि हॉर्न वाजतो. ज्याच्यावर हा प्रसंग आलेला आहे त्याचे कान लगेच टवकारतात. ताईच्या प्रश्नाला सर ‘काही होत नाही हो’ असं उत्तर देत नाहीत, सरळ पुढची कृती सांगतात. ‘आवाज उतरला?’ या प्रश्नानंतर निदान सेकंदभर कोणी बोलायचं नाही. इंजिनाचा बदललेला आवाज ऐकणाऱ्याला स्वच्छ ऐकू आला नाही तर सगळी मेहनत वाया. म्हणून तो आवाज संगीतात बुडवू नये आणि खऱ्या गाडीत बसून रेकॉर्ड करावा. चढावरचे आवाज स्टुडिओच्या साठ्यात शोधत बसण्यापेक्षा एका सकाळी गाडी घेऊन फ्लायओव्हरच्या कडेची मोकळी चढण गाठणं सोपं.

ताईचा शेवटचा संशय या जाहिरातीचा कणा आहे. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पेडल असतात. गाडी थांबवता किंवा आवरता यावी म्हणून नियमानेच ती सोय सक्तीची केली आहे. सुरुवातीला ती जीव वाचवते. पण बरेच शिकवणारे शेवटच्या दिवसापर्यंत पाय त्या पेडलवर ठेवतात आणि विद्यार्थ्याचा क्लच नकळत सावरून घेतात. विद्यार्थ्याला वाटतं आपल्याला येतंय. मनात कुठेतरी शंकाही असते, की हे आपण केलं का सरांनी? परीक्षेच्या दिवशी त्या पेडलची मदत नसते आणि शंका खरी ठरते. परीक्षेची भीती म्हणतात तिचा बराच भाग या शंकेचा असतो. ‘माझे पाय वर होते’ हे वाक्य थेट तिलाच उत्तर देतं.

निवेदकाच्या तोंडी घातलेले आकडेही पदरचे नाहीत. खाजगी वापराच्या गाडीसाठी प्रशिक्षण किमान एकवीस दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान दहा तास, असं नियमच सांगतो. रोज अर्धा तास धरला तर एकवीस दिवसांत साडेदहा तास होतात. पण गाडीत तीन विद्यार्थी कोंबले आणि प्रत्येकाला दहा मिनिटं स्टिअरिंग दिलं, तर तेवढ्याच दिवसांत साडेतीन तासच पदरात पडतात. म्हणून ‘स्वतःचे’ हा शब्द तिथे हवाच. बाकीच्यांना मागच्या सीटवरून पाहण्याचा वेळ त्यात मोजायचा नाही.

नापास होण्याचा उल्लेख जाहिरातीत करावा का, यावर मालक आणि लिहिणारा यांचं जुंपतं. मालकाला तो अपशकुन वाटतो. पण घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात नापास होणं म्हणजे सगळं संपलं असं असतं, आणि प्रत्यक्षात तसं काही नसतं. नापास झालेल्याला सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. तीनदा जमलं नाही तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, त्यामुळे पहिला प्रयत्न लवकर केला तर दुसऱ्याला पुरेसा वेळ हाताशी राहतो. तीस सेकंदांत हे मावणार नाही. ते स्कूलच्या दारावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावं आणि चौकशीचा फोन आला की पहिल्या दोन वाक्यांत सांगावं.

जाहिरात तयार झाली की ती कामाची आहे का, हे ताडण्याची साधी रीत आहे. नुकतंच शिकाऊ लायसन्स काढलेल्या चार-पाच जणांना ती एकदाच ऐकवायची आणि ‘कशी वाटली?’ असं विचारायचंच नाही. ‘चढावर गाडी बंद पडली तर आधी काय कराल?’ असं विचारायचं. ‘हँडब्रेक’ असं उत्तर आलं तर जाहिरात पोचली. ‘चांगली स्कूल दिसते’ एवढंच उत्तर आलं तर आवाज आणि थांबे पुन्हा तपासायचे. ऐकणारा ताईला हसला, तर अभिनय बदलायचा. तिची धांदल खरी वाटली पाहिजे, ती ‘बायकांना गाडी येत नाही’ या शिळ्या विनोदाकडे झुकली की जिच्यासाठी जाहिरात केली तीच पाठ फिरवते.

या मसुद्याला एक मर्यादा आहे. ऑटोमॅटिक गाडीवर शिकणाऱ्याला क्लचच नाही. त्याची भीती रिव्हर्स आणि पार्किंगची असते, त्याच्यासाठी वेगळा प्रसंग लिहावा लागेल. आणि एक अट स्कूलसाठी आहे. हे शब्द हवेत गेल्यावर येणारा प्रत्येक विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात सरांच्या पायांकडे बघणार. तेव्हा रेकॉर्डिंगची तारीख ठरवण्याआधी मालकाने आपल्या सगळ्या शिकवणाऱ्यांना एकत्र बसवावं. शेवटच्या काही फेऱ्या पेडलवर पाय न ठेवता, तोंडाने सूचना न देता, परीक्षेसारख्या घ्यायच्या, हे वेळापत्रकात लिहून घ्यावं. तेवढी तयारी नसेल, तर ते वाक्य मसुद्यातून काढून टाकावं.