दोन बाजू, एक कोन आणि दोन त्रिकोण

बाबाबा, बाकोबा, कोबाको या एकरूपतेच्या कसोट्या शाळेत पाठ होतात. त्यांच्या लयीत एक गैरसमज बेमालूम शिरतो: दोन बाजू आणि कोणताही एक कोन दिला की त्रिकोण पक्का झाला. बाकोबामधला ‘को’ मुद्दामच दोन ‘बा’च्या मध्ये आहे, याकडे लक्ष जात नाही. कोन त्या दोन बाजूंमधला नसेल, तर त्याच मापांचे दोन वेगळे त्रिकोण निघू शकतात.

कागदावर करून बघा. एक आडवा किरण काढा, त्याच्या टोकाला A म्हणा आणि तिथे 30° चा कोन करा. वरच्या भुजेवर A पासून 10 सेंमीवर C घ्या. आता C शी कंपासचे टोक रोवून 6 सेंमी त्रिज्येचा कंस मारा. हा कंस आडव्या किरणाला दोनदा छेदतो, A पासून सुमारे 5.34 सेंमीवर आणि 11.98 सेंमीवर. B कुठलाही घ्या, कोन A 30° च राहतो, AC 10 आणि BC 6. मापे जुळतात, त्रिकोण मात्र एकरूप नाहीत.

असे का, ते C पासून किरणावर टाकलेला लंब सांगतो. त्याची लांबी 10 × sin 30° = 5 सेंमी. त्रिज्या 5 पेक्षा कमी असेल तर कंस किरणापर्यंत पोचतच नाही. नेमकी 5 असेल तर तो किरणाला फक्त स्पर्श करतो आणि B पाशी काटकोन होतो. 5 आणि 10 च्या मधली कोणतीही त्रिज्या लंबाच्या दोन्ही बाजूंना छेद देते. 10 किंवा त्याहून मोठी झाली की डावीकडचा छेद A वर येतो किंवा A च्या मागे जातो, म्हणून त्रिकोण एकच उरतो.

‘ही साइन नियमाची खोड आहे, कोसाइन नियम वापरला की प्रश्न मिटतो.’ मिटत नाही. c म्हणजे AB धरून कोसाइन नियम मांडला तर

c² − 17.32c + 64 = 0

हे वर्गसमीकरण मिळते, आणि त्याची दोन्ही उत्तरे धन आहेत: तीच 11.98 आणि 5.34. संदिग्धता सूत्रात नाही, दिलेल्या माहितीतच आहे. युक्लिडला तिची जाण होती. ‘एलिमेंट्स’च्या सहाव्या खंडातल्या सातव्या प्रमेयात अशा त्रिकोणांची समरूपता सांगताना त्याने एका उरलेल्या कोनाबद्दल जादा अट घातली आहे: दोन्ही त्रिकोणांत तो काटकोनापेक्षा लहान हवा, नाहीतर दोन्हींत लहान नको.

‘कॅल्क्युलेटरने एकच कोन दिला, म्हणजे उत्तर एकच.’ आपल्या उदाहरणात sin B = 5/6. कॅल्क्युलेटर 56.4° सांगून गप्प बसतो, कारण sin⁻¹ या बटणाची उत्तरे −90° ते 90° यांतच येतात. पण sin (180° − B) आणि sin B सारखेच असतात, तेव्हा 123.6° हाही उमेदवार आहे. त्यात 30° मिळवले तर 153.6° होतात, 180° च्या आत. दोन्ही कोन चालतात.

म्हणून दरवेळी दोन उत्तरे लिहून टाकणे ही याच्या उलट चूक. BC 12 सेंमी असती तर sin B = 5/12, कोन 24.6° किंवा 155.4°. दुसऱ्यात 30° मिळवले की 180° ओलांडले जातात, तो बाद. दिलेला कोन काटकोन किंवा विशालकोन असेल तर दोन त्रिकोण कधीच निघत नाहीत. समोरची बाजू दुसरीपेक्षा मोठी असेल तर एक, नाहीतर एकही नाही. कर्णभुजा कसोटी चालते ती यामुळेच.

सगळ्यात फसवी जागा मात्र वेगळीच आहे, कारण तिथे त्रिकोण खरोखर एकच असतो. 10 आणि 12 या बाजू, मधला कोन 30°. कोसाइन नियमाने तिसरी बाजू 6.01 येते. इथवर ठीक. आता 12 समोरचा कोन साइन नियमाने काढला तर कॅल्क्युलेटर 86.3° देतो, आणि उरलेला कोन वजाबाकीने 63.7° काढला की बेरीज अर्थातच बरोबर 180°. कुठे काही खटकत नाही. खरा कोन 93.7° आहे: 6.01² आणि 10² यांची बेरीज 12² पेक्षा कमी भरते, म्हणजे तो विशालकोनच हवा. यावर उपाय सोपा आहे. आधी 10 समोरचा कोन काढायचा. ती सर्वांत मोठी बाजू नाही, त्यामुळे तिच्या समोरचा कोन लघुकोनच असणार. 56.3° मिळतो आणि मोठा कोन वजाबाकीवर सोडता येतो.