पंच्याहत्तर पूर्ण की पंच्याहत्तरावं लागलेलं?

मॅन्युअल टेस्टिंगच्या मुलाखतीला येणारी मुलं व्याख्या घोकून येतात. टेस्ट केस म्हणजे काय, सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटीत फरक काय, सगळं एका दमात म्हणून दाखवतात. म्हणून मी व्याख्या विचारणंच सोडून दिलं. सॉफ्टवेअर हाताने वापरून त्यातल्या चुका शोधणं हे ज्याचं काम, त्याला वापरायला काहीतरी द्यावं, हे बरं. बस-तिकिटाचं एक छोटं सराव-पान मी करून ठेवलंय आणि त्यात दोन-तीन चुका मुद्दाम पेरल्यात. शेजारी एक कागद असतो. त्यावर नियम लिहिलेला असतो: ‘६५ ते ७५ वर्षे – अर्धे तिकीट. ७५ वर्षांवरील – मोफत.’ सवलतीची कल्पना एसटीवरून उचलली आहे, भाडं मात्र माझं, सरसकट ४०० रुपये.

गेल्या खेपेला आलेला मुलगा साताऱ्याकडचा होता. मी म्हटलं, “वयाच्या रकान्यासाठी टेस्ट केस लिहा.” बहुतेक जण इथे ४०, ७० आणि ८० ही तीन वयं लिहितात आणि पेन खाली ठेवतात. तीन गट आहेत, प्रत्येकातलं एक वय घेतलं, हे चुकीचं नाही. पण गटाच्या मधोमध चूक सहसा लपत नाही, ती कुंपणापाशी लपते. कारण प्रोग्रॅम लिहिणारा घोटाळा करतो तो ‘पेक्षा जास्त’ आणि ‘तेवढं किंवा जास्त’ यांत. म्हणून ६४ आणि ६५, ७४ आणि ७५ ही जोडीजोडीने तपासायची. पाठ्यपुस्तकं याला बाउंडरी व्हॅल्यू ॲनालिसिस म्हणतात.

त्याने ६४ आणि ६५ लिहिलं आणि ७४ पाशी थबकला. “मॅडम, कागदावर ‘६५ ते ७५’ आहे आणि ‘७५ वर्षांवरील’पण आहे. मग बरोबर पंच्याहत्तरच्या माणसाचं काय? अर्धं की मोफत?” मग जरा थांबून म्हणाला, “आणि पंच्याहत्तर पूर्ण, की पंच्याहत्तरावं लागलेलं? आमची आजी चौऱ्याहत्तर पूर्ण झाल्या दिवसापासून पंच्याहत्तर सांगते.”

प्रश्न अगदी नेमका होता. टेस्ट केसमध्ये ‘अपेक्षित निकाल’ हा रकाना असतो आणि नियमच दोन तोंडांनी बोलत असेल तर तो भरता येत नाही. अशा वेळी अंदाजाने ‘मोफत’ लिहून मोकळं होणारा टेस्टर घातक. पान बनवणाऱ्याने वेगळा अंदाज केला असेल, तर मग दोन अंदाजांचं भांडण सुरू होतं आणि त्याला बग म्हटलं जातं. एसटीत ही सवलत ७५ पूर्ण झालेल्यांना आहे; मी कागदावर तसं लिहिलं नव्हतं, ते मुद्दामच. त्याला उत्तर दिलं आणि त्याची टेस्ट केस अशी उतरली: लॉगिन केलेलं असावं, भाडं ४०० दिसावं, वय ७५ भरून ‘भाडे दाखवा’ दाबावं, अपेक्षित रक्कम शून्य. अशी केस दुसऱ्या कुणाच्याही हातात दिली तरी त्याला काही विचारावं लागत नाही.

पेरलेली पहिली चूक त्याला लगेच सापडली. वय ६५ भरलं की भाडं २०० ऐवजी ४०० येतं, ६६ ला बरोबर २००. आत ओळ अशी आहे:

```
if (age > 65) fare = fare / 2;
```

हवं होतं `>=`. पण टेस्टरला ही ओळ दिसत नसते, त्याने बाहेरून जे दिसलं तेच लिहायचं. मी बग लिहायला सांगितला. त्याचं पहिलं शीर्षक होतं ‘सवलत चालत नाही’. मी विचारलं, “६६ ला चालतेय की.” त्याने खोडून लिहिलं: ‘वय ६५ भरल्यास अर्ध्याऐवजी पूर्ण भाडे (४००) दिसते, ६६ ला बरोबर’. या एका ओळीत डेव्हलपरला चुकीची जागा जवळजवळ कळते. खाली पायऱ्या, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, स्क्रीनशॉट.

मग सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटी. “दोन्ही हाय,” तो म्हणाला. हे उत्तर नेहमीचं. सिव्हिरिटी म्हणजे चुकीने किती नुकसान होतं, प्रायॉरिटी म्हणजे ती किती लवकर दुरुस्त करायची. दोन्ही बहुतेकदा सोबत चालतात, म्हणून एकच वाटतात. वेगळ्या कधी होतात ते बघण्यासाठी मी त्याला दोन प्रसंग दिले.

पहिला: पानावर ‘ज्येष्ठ’ऐवजी ‘जेष्ठ’ छापलंय आणि उद्या सकाळी या सेवेचं उद्घाटन आहे, पान मोठ्या पडद्यावर दिसणार. तिकिटं व्यवस्थित निघतायत, त्यामुळे सिव्हिरिटी अगदी कमी. पण दुरुस्ती आज रात्रीच. हे त्याला चटकन कळलं.

दुसऱ्यावर तो अडखळला. समजा, प्रवासाची तारीख २९ फेब्रुवारी टाकली की पान बंद पडतं. आरक्षण दोन महिने आधी उघडतं आणि पुढचा २९ फेब्रुवारी २०२८ चा. “पान बंद पडतं म्हणजे सिव्हिरिटी क्रिटिकल. पण...” तो बोटं मोजायला लागला. “डिसेंबर २०२७ च्या शेवटापर्यंत ही तारीख कुणाला निवडताच येणार नाही. म्हणजे आत्ता प्रायॉरिटी लो.” आणि तो नोव्हेंबर आला की? “हाय होईल.” सिव्हिरिटी? “तीच राहील.”

मला हेच ऐकायचं होतं. बग तोच, नुकसान तेवढंच, फक्त कॅलेंडर सरकलं. म्हणूनच सिव्हिरिटी टेस्टरने ठरवावी आणि प्रायॉरिटीवर शेवटचा शब्द प्रॉडक्ट ओनरचा किंवा मॅनेजरचा असावा; उद्घाटन कधी, रिलीज कधी, हे त्यांना ठाऊक असतं. व्यवहारात मात्र सीमा पुसट असते. जिरात मुळात प्रायॉरिटी हाच रकाना मिळतो, सिव्हिरिटी हवी तर तो रकाना स्वतः जोडावा लागतो. बगझिलात दोन्ही वेगळे असतात. ज्यांनी फक्त पहिलं वापरलंय त्यांना हा फरक पुस्तकी वाटतो, त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

शेवटी त्याने विचारलं, “माझ्या फोनवर उघडून बघू का?” बघितलं आणि म्हणाला, “वय टाकलं तर ‘वय फक्त अंकांत भरा’ असं येतंय.” मी माझ्या लॅपटॉपवर 65 टाकलं, असला काही संदेश आला नाही. परत टाकलं, नाही. ही चूक मी पेरलेली नव्हती. डेव्हलपर ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात मी म्हणाले, “माझ्याकडे तर चालतंय.” त्याला असं कुणी म्हणालं तर तो काय करेल, हे विचारायचं होतंच, ते आपोआप घडलं.

त्याने वाद घातला नाही. दोन्ही पडदे शेजारी ठेवले आणि बघत राहिला. माझ्या पडद्यावर 65 होतं, त्याच्या फोनवर ६५. पानातली तपासणी 0 ते 9 एवढेच अंक ओळखत होती, देवनागरी आकडे तिच्या लेखी अक्षरं होती. त्याने कागद पुढे ओढला, नवा बग लिहायला घेतला आणि ‘एन्व्हायर्न्मेंट’ या ओळीत फोनचं मॉडेल आणि ब्राउझर लिहून झाल्यावर आणखी एक गोष्ट जोडली: कीबोर्ड – मराठी.